आतल्या माणसाला 'यावेळी तुझं नाही झालं' हे कसं कळवायचं: पहिल्यांदाच हायरिंग मॅनेजर झालेल्यांसाठी

चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हायरिंग मॅनेजर झालो तेव्हा टीममधल्याच एका मुलाला नकार कळवायचा होता, आणि मी ते काम एचआरच्या रेडिमेड मेलवर ढकलून मोकळा झालो. मेल गेला शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला. त्याने तो अंधेरी स्टेशनच्या पुलावर, विरार फास्ट पकडायच्या घाईत वाचला: आपल्या अर्जाबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ज्याच्या डब्यातली भाजी मी रोज दुपारी खायचो त्याला मी पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या होत्या, आणि सोमवारी तो परत माझ्यासमोरच येऊन बसणार होता. दोन महिन्यांत त्याने पेपर टाकले. जाताना एवढंच म्हणाला, "नाही म्हणालात त्याचं काही नाही ओ सर, पण का नाही ते तरी सांगायचं ना."

त्यानंतर असे पाच-सहा मेसेज लिहिले, काही बरे झाले, एक-दोन फसले. खाली जे लिहितोय ते त्यातल्याच एका केसवरून. मुलीचं नाव बदललंय, प्राची म्हणूया. आमचं काम शिपिंगचं, न्हावाशेवाहून जाणाऱ्या एक्सपोर्ट मालाची कागदपत्रं करायची. आठ जणांच्या डॉक्युमेंटेशन टीमला लीड हवा होता, आतल्या आत पोस्ट निघाली, प्राचीने अर्ज केला. चार वर्षं तेच काम करत होती आणि टीममधल्या सगळ्यांना वाटत होतं की ती झालीच. नाही झाली.

१. लिहायला बसण्याआधी हे कागद समोर घ्या

- जी पोस्ट निघाली होती तिची मूळ जाहिरात, म्हणजे त्यात लीडकडून काय हवं असं लिहिलं होतं ते
- पॅनलमधल्या प्रत्येकाचं स्कोअरकार्ड आणि हाताने लिहिलेल्या नोट्स
- इंटर्नल पोस्टिंगची पॉलिसी, विशेषतः पुन्हा अर्ज करायला किती महिने थांबावं लागतं तो नियम
- निवड झालेल्या माणसाने 'हो' लेखी दिलंय याचा मेल

शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. निवडलेल्या माणसाचा होकार हातात येण्याआधी दुसऱ्याला नकार कळवलात आणि मग त्या पहिल्याने माघार घेतली, तर तुम्ही कुठल्या तोंडाने परत बोलवणार? पण उलटं टोकही तितकंच वाईट. होकार आला, की नकार त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचा आणि घोषणेचा मेल त्यानंतरच सोडायचा. ऑफिसात बातमी कागदावरून फुटत नाही हो, आयटीवाल्याने नवीन लीडला शेअर्ड फोल्डरचा अ‍ॅक्सेस दिला की फुटते. म्हणून आयटीला आणि अ‍ॅडमिनला सांगून ठेवा की घोषणा होईपर्यंत काही हलवायचं नाही.

वेळ सकाळची घ्या, मंगळवार-बुधवार असेल तर उत्तम. शुक्रवार संध्याकाळ सोपी वाटते कारण मग दोन दिवस तोंड दाखवायला लागत नाही, पण ती सोय तुमची असते, समोरचा माणूस ते दोन दिवस एकटाच घोळत बसतो.

२. कारण शोधा, बनवू नका

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मेसेज फसतो तो इथे.

प्राचीच्या वेळी एचआरने मला तयार वाक्य दिलं: कम्युनिकेशन स्किल्स सुधारण्याची गरज. मी ते जवळजवळ टाकलंच होतं. मग म्हटलं जरा बघू तरी हे आलं कुठून, कारण ही मुलगी दिवसाला वीस क्लायंटशी फोनवर बोलते आणि कोणाची तक्रार नाही. नोट्स काढल्या तर तिघांपैकी एकाच्या कागदावर फक्त 'कम्युनिकेशन वीक' एवढे दोन शब्द. त्याला चहाला गाठलं, विचारलं नेमकं काय झालं होतं. तो म्हणाला, अरे बोलते छानच, पण मी टीमबद्दल विचारत होतो आणि ती प्रत्येक वेळी फाइलबद्दल सांगत होती, माणसं येतच नव्हती उत्तरात. आता बघा, हे कम्युनिकेशन नाहीच, हे काम वाटून देण्याबद्दल आहे. मी 'कम्युनिकेशन' लिहिलं असतं तर ती बिचारी बोरिवलीला कुठल्यातरी इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला गेली असती आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच जागी अडकली असती.

तर लिहिण्याआधी प्रत्येक कारणाला तीन प्रश्न लावा. हे जाहिरातीत होतं का? नसेल तर त्यावर नापास करणंच चूक, आणि तसं झालं असेल तर मेसेज बाजूला ठेवून आधी पॅनलशी बोला. इंटरव्ह्यूमध्ये हे दिसलं असा एक ठराविक प्रसंग सांगता येतो का? येत नसेल तर ते कारण नाही, तो कोणाचा तरी समज आहे. आणि तिसरं, हे तिच्या हातात आहे का, म्हणजे करून दाखवता येण्यासारखं आहे का?

तिसऱ्यात एक खोच आहे. कधीकधी माणूस कुठेच कमी पडलेला नसतो, दुसऱ्याकडे टीम सांभाळायचा सहा वर्षांचा अनुभव असतो, बस. मग तेच सांगा. उगाच उणीव शोधून चिकटवू नका, कारण तो माणूस प्रामाणिकपणे ती नसलेली उणीव भरायला घेईल.

जास्तीत जास्त दोन कारणं. सहा लिहिलीत तर वाचणाऱ्याला वाटतं की आपल्यात काहीच धड नाही, आणि खरं सांगायचं तर निर्णय सहा कारणांवर झालेलाही नसतो.

आणि काही गोष्टी मेसेजमध्येच काय, डोक्यातसुद्धा कारण म्हणून आणायच्या नाहीत: लग्न ठरलंय, मॅटर्निटी लीव्हवरून नुकतीच आलीय, कर्जतहून येते म्हणून उशिरापर्यंत थांबणार नाही, वय झालंय. प्रमोशनमध्ये बाई आहे म्हणून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, १९७६ च्या समान वेतन कायद्यात, ज्याची जागा आता वेतन संहितेने घेतलीय, १९८७ च्या दुरुस्तीने भरतीसोबत प्रमोशन आणि ट्रेनिंगही आलं होतं. पॅनलमधल्या कोणाच्या नोटमध्ये असलं काही सापडलं, तर नकाराचा मेसेज थांबवा आणि एचआरकडे जा, तो निर्णयच पुन्हा बघायला लागेल.

३. पुढच्या वाटेची बोलणी आधी तिच्या मॅनेजरशी

हे मला फार उशिरा कळलं. उमेदवाराचा आजचा रिपोर्टिंग मॅनेजर बहुतेक वेळा तुम्ही नसता. तुम्ही मेसेजमध्ये ऐटीत लिहून टाकता की पुढचे तीन महिने तुला रोस्टर सांभाळायला मिळेल, आणि ज्याच्या हातात रोस्टर आहे त्याला पत्ताच नसतो.

प्राची दुसऱ्या शिफ्टमध्ये, तिचा सुपरवायझर वेगळा. मी त्याला म्हटलं बुधवारचं काम वाटप तिला दे. त्याने सरळ नाही म्हटलं, "बुधवार माझा सगळ्यात जड दिवस आहे, काही चुकलं तर जहाज सुटेल आणि बोलणी मला बसतील." बरोबरच होतं त्याचं. बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, शिपिंग लाइन मालासाठी देते तो मुख्य कागद. एसआयचा, म्हणजे शिपिंग लाइनला त्या बीएलची माहिती द्यायचा कट-ऑफ चुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जाऊ शकतो, आणि क्लायंट मग कोण शिकत होतं ते विचारत नाही. शेवटी मंगळवारवर तडजोड झाली. जहाजं कमी, तरी प्रसंग खरा. आणि कट-ऑफच्या तीन तास आधी सुपरवायझर एकदा नजर टाकणार असं ठरलं. हे सगळं झाल्यावरच मी लिहायला बसलो.

जे काम मिळेल ते खरं हवं. ऑनलाइन कोर्स ही वाट नाही, फार तर सोबतीला ठीक. वाट म्हणजे काय काम, ते जमलं हे कशावरून कळणार, आणि कधी बसून बघणार. या तिन्हीतलं एक जरी राहिलं तरी ते आश्वासन होतं, आणि आश्वासनं आपल्याकडे अप्रेझलच्या महिन्यात ढिगाने मिळतात.

४. आधी तोंडी सांगा

पंधरा मिनिटं, बंद दाराची खोली. काचेची केबिन नको, अख्खा फ्लोअर चेहरा वाचतो. निर्णय पहिल्या वाक्यात: "प्राची, लीडच्या पोस्टसाठी यावेळी तुझं सिलेक्शन झालेलं नाही." आधी दहा मिनिटं कौतुक करून मग 'पण' म्हणालात तर ते कौतुक पुन्हा कधी खरं वाटत नाही.

मग गप्प बसा. मला ते जमत नाही, मी शांतता भरायला काहीतरी बडबडतो आणि त्यातच एकदा 'पुढच्या वेळी नक्की तूच' असं तोंडातून गेलं होतं. ते शब्द मला पुढचं वर्षभर पुरले. आता पाण्याची बाटली घेऊन जातो आणि बोलावंसं वाटलं की घोट घेतो. हसू नका, उपयोग होतो.

प्राचीने विचारलं, "कोणाचं झालं?" घोषणा त्याच दुपारी होती त्यामुळे नाव सांगितलं. पुढे तिने विचारलं, "त्याच्यात असं काय आहे?" याचं उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्याचे मार्क, त्याची उत्तरं, त्याचा पगार ही त्याची खासगी गोष्ट. मी म्हटलं, त्याच्याबद्दल मी बोलणार नाही, तुझ्याबद्दल विचार, सगळं सांगतो.

५. आता लेखी मेसेज

त्याच दिवशी, बोलणं झाल्यावर तासा-दोन तासांत. आमचे ऑफिशियल मेल इंग्रजीत असतात पण आम्ही बोललो मराठीत, म्हणून हा मराठीतच लिहिला आणि एचआरच्या फाइलला इंग्रजी प्रत दिली. जवळपास असा होता, त्यातलं एलसी म्हणजे बँकेचं पैशांच्या हमीचं पत्र, लेटर ऑफ क्रेडिट:

> प्राची,
>
> सकाळी बोललो तेच लिहून देतोय, म्हणजे निवांत वाचता येईल. डॉक्युमेंटेशन टीम लीडच्या पोस्टसाठी यावेळी तुझी निवड झालेली नाही. निर्णय पॅनलचा आहे, मी त्या पॅनलमध्ये होतो आणि मला तो मान्य आहे.
>
> ड्राफ्ट बीएल तपासायच्या टेस्टमध्ये तू पाचही चुका पकडल्यास. एलसीमधलं मालाचं वर्णन आणि बीएलवरचं वर्णन यातला फरक आम्ही मुद्दाम बारीक ठेवला होता, तोही सुटला नाही. कागदाच्या ज्ञानात काहीही कमी पडलं नाही, त्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.
>
> कमी पडलं ते दोन ठिकाणी.
>
> एक, काम वाटणं. केसमध्ये दोन जण रजेवर, एकाच दुपारी तीन कट-ऑफ, अकरा फाइली आणि तुझ्यासोबत तीन माणसं होती. तू आठ फाइली स्वतःकडे ठेवल्यास. का विचारल्यावर म्हणालीस, समजावण्यापेक्षा मी करते ते पटकन होतं. कोणाला कुठली फाइल द्यायची, कधी तपासायची आणि उशीर दिसला तर काय हलवायचं, हे आम्हाला बघायचं होतं, ते दिसलं नाही.
>
> दोन, आकड्यांवरून निर्णय. तीन महिन्यांच्या बीएल दुरुस्त्यांचा खर्च दिला होता. प्रत्येक फाइलला काय झालं ते तू बरोबर सांगितलंस, पण सगळ्यात जास्त पैसे कुठल्या कारणाने गेले आणि पुढच्या महिन्यात काय बदलशील यावर उत्तर आलं नाही.
>
> पुढचे तीन महिने, १ ऑगस्टपासून, दर मंगळवारचं काम वाटप तुझ्याकडे. तुझ्या सुपरवायझरशी बोलणं झालंय. तुझ्याकडे स्वतःच्या जास्तीत जास्त दोन फाइली, बाकी तिघांना द्यायच्या. कुठली कोणाला आणि का, हे दोन ओळींत लिहून ठेव. सोबत बीएल दुरुस्त्यांचं रजिस्टर कारणानुसार ठेव आणि महिन्याअखेरीच्या रिव्ह्यूत पाच मिनिटं ते तू मांडायचं.
>
> जमतंय हे कशावरून कळेल: तिघांना दिलेल्या फाइली तू स्वतः न करता मंगळवारचे कट-ऑफ वेळेत जातात, आणि रजिस्टरवरून तू सुचवलेला एक तरी बदल टीममध्ये लागू होतो.
>
> आपण दोघं आणि सुपरवायझर ५ सप्टेंबर आणि ५ नोव्हेंबरच्या आठवड्यात अर्धा तास बसू, कॅलेंडर मी पाठवतो. आपल्या नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी तुला पुन्हा अर्ज करता येईल. पुढची पोस्ट कधी निघेल हे माझ्या हातात नाही आणि निघाली तर पुन्हा इंटरव्ह्यू होईल, त्यामुळे कसलाही शब्द देत नाही. हे काम मात्र नक्की तुझं.
>
> काही पटलं नसेल तर सांग, लिहून किंवा समोर.

यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. 'मला तो मान्य आहे' हे वाक्य टाकलं कारण मॅनेजर लोकांना पॅनलच्या आड लपायची फार हौस असते, 'मी तर तुझ्याच बाजूने होतो गं' वगैरे. तसं म्हटलं की कारणांना काही किंमत राहत नाही, मग सगळं राजकारण ठरतं. मार्क दिले नाहीत कारण दोन दिले म्हटलं की भांडण दोनाचे तीन करण्यावर जातं, आणि प्रसंग सांगितला की बोलणं प्रसंगावर राहतं. आणि 'त्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही' हे वाक्य मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण नकार मिळालेला हुशार माणूस जे येतं तेच अजून घासत बसतो.

'दुर्दैवाने', 'अत्यंत चुरशीची स्पर्धा', 'खेदाने कळवावे लागते' हे सगळं काढून टाका. आपल्या माणसाला असं कोणी लिहीत नाही.

६. पाठवण्याआधी एक चाचणी

प्रक्रियेत नसलेल्या पण गोपनीयता पाळणाऱ्या कोणाला तरी, म्हणजे एचआरमधलं कोणी चालेल, मेसेज वाचायला द्या. मग कागद काढून घ्या आणि विचारा: का नाही झालं, आणि मंगळवारी सकाळी ती काय वेगळं करेल? दुसऱ्याचं उत्तर 'लीडरशिप सुधारेल' असं आलं तर पुन्हा लिहा.

सीसी कोणालाही नाही. सुपरवायझरला फक्त पुढच्या कामाचा भाग वेगळा पाठवा, कमी पडल्याची कारणं त्याच्याकडे जाऊ द्यायची की नाही हे तिला विचारा. आणि हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर नको, चुकून फॅमिली ग्रुपवर जायच्या गोष्टी मी ऐकल्यात.

७. नंतरचे आठवडे

उत्तर लगेच येत नाही, आलं तर 'ओके सर, नोटेड' एवढंच येतं. त्यावर मागे लागू नका. प्राची चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी येऊन म्हणाली, आकड्यांचं पटलं, वाटपाचं नाही पटलं, केस खोटी होती, खऱ्या टीममध्ये तिघांपैकी दोघांना एलसीच्या फाइली येतच नाहीत. आता यात तथ्य होतं. निर्णय त्याने बदलत नव्हता पण वाट बदलत होती, म्हणून तिच्या कामात पहिल्या महिन्यात त्या दोघांना एलसी शिकवणं जोडलं आणि तसं मेसेजखाली लिहून पुन्हा पाठवलं.

नवीन आलेल्या लीडला काय सांगायचं हाही प्रश्न येतो. एवढंच सांगा की मंगळवारचं वाटप प्राचीकडे आहे आणि ते तीन महिने काढायचं नाही. ती अर्जदार होती हे त्याला फ्लोअरवरून कळतंच. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यात त्याने प्रेमाने 'तुम्हाला कशाला त्रास' म्हणत मंगळवार स्वतःकडे घेतला होता, मला जाऊन परत आणावा लागला.

मीटिंगच्या तारखा तुम्हीच पाळायच्या. आमची सप्टेंबरची बैठक नेमकी गणपतीच्या रजांमध्ये पडली, अर्धी टीम कोकणात, तेव्हा त्याच दिवशी नवीन तारीख टाकली. एकदा जरी 'बघू नंतर' झालं की तो मेसेज संपला समजा.

एक अवघड प्रसंग राहिला. पोस्ट निघायच्या आधीच माणूस ठरलेला होता, बाकीचे इंटरव्ह्यू नावापुरते. असं होतं, सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा खोटी कारणं आणि खोटी वाट लिहू नका. एवढंच सांगा की या जागेसाठी आधीपासून एका विशिष्ट अनुभवाचा माणूस डोळ्यासमोर होता आणि हे जाहिरातीत यायला हवं होतं, ते आलं नाही, चूक आमची. एचआर हे लेखी देऊ देणार नाही बहुतेक, मग तोंडी सांगा.

नोव्हेंबरच्या बैठकीला प्राची रजिस्टर घेऊन आली. सगळ्यात जास्त दुरुस्त्या क्लायंटने कन्साइनीचा, म्हणजे माल घेणाऱ्याचा, पत्ता उशिरा बदलल्यामुळे होत होत्या, म्हणून तिने ड्राफ्टवर क्लायंटची सही कट-ऑफच्या आदल्या संध्याकाळपर्यंत घ्यायची पद्धत लावली होती. मंगळवारी तिच्याकडे अजूनही दोनाऐवजी तीन-चार फाइली राहतात, तेही रजिस्टरमध्ये तिनेच लिहिलंय. तिन्ही कागद, म्हणजे मूळ मेसेज, सप्टेंबरची नोंद आणि ही, मी एका फोल्डरमध्ये ठेवलेत आणि तिला प्रत दिलीय, कारण पुढच्या पॅनलमध्ये मी असेनच असं नाही.